उत्तर खरं, तरी गुण शून्य: गुळाच्या उताऱ्याचं प्रकरण

## पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. निम्मी मुलं शहरातली, निम्मी करवीर तालुक्यातल्या गावांतून एसटीनं येणारी. या प्रकरणातला मुलगा नदीकाठच्या अशाच एका गावचा. त्याला इथं संकेत म्हणू, हे त्याचं खरं नाव नाही. घरचं गुऱ्हाळ आहे. वडील ते चालवतात आणि आजोबा गुळव्या आहेत, म्हणजे पाक कधी झाला हे ठरवणारा माणूस त्याच्या घरातच आहे. त्याच गल्लीतली, त्याच वर्गातली मुलगी म्हणजे प्राजक्ता. हेही नाव बदललेलं.

दोघांच्या सवयी एकमेकांच्या अगदी उलट. संकेतच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की उताऱ्यातलं वाक्य उतरवणं म्हणजे कॉपी. "स्वतःच्या शब्दांत लिहा" हे त्यानं आठवीपासून इतक्यांदा ऐकलेलं, की चौकटीत एक शब्द भरायचा असला तरी तो पर्यायी शब्द शोधायचा. प्राजक्ता उलट हिशेबाची. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात कुठं आहे ते बोटानं शोधायचं आणि तिथून पुढची दोन-तीन वाक्यं स्वच्छ अक्षरात खाली उतरवायची.

बोर्डाच्या कृतिपत्रिकेत गद्य विभाग 18 गुणांचा असतो. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी 7 गुणांचे. त्यात 2 आणि 2 गुण आकलनाला, 3 गुण स्वमताला. तिसरा उतारा अपठित, 4 गुणांचा, त्यात फक्त आकलन. पुढं उपयोजित लेखनात पत्राला पर्याय म्हणून 6 गुणांचं सारांशलेखन येतं आणि सारांश लिहायचा असतो तो याच अपठित उताऱ्याचा, एक तृतीयांश, तुमच्या शब्दांत. म्हणजे जो उतारा पहिल्या विभागात शब्दन्‌शब्द धरून वाचायचा, तोच शेवटच्या विभागात आपल्या शब्दांत मांडायचा. एकाच मुलानं, एकाच पेपरात.

आमचा प्रथम सत्राचा पेपर याच आराखड्यावर होता. तो एका सहकारी सरांनी काढला होता. अपठित उतारा निघाला नेमका गुऱ्हाळावरचा.

## उतारा आणि प्रश्न

उतारा असा होता:

> ऊस गाळून निघालेला रस मोठ्या काहिलीत ओतला की खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ लावतात. रस तापू लागला की मळी वर येते. ती नीट वर यावी म्हणून रानभेंडीचा रस घालतात आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतात. मळी जितकी स्वच्छ निघेल तितका गूळ पिवळाधमक होतो. पुढचे सारे काम गुळव्याच्या हाती असते. पाक किती आटला हे सांगणारे यंत्र त्याच्याजवळ नसते. तो थेंबभर पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी करून पाहतो. गोळी झाली की काहील उतरवायची, हे त्याचे गणित. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर तो घट्ट होत नाही. उतरवलेला पाक वाफ्यात ओततात, तिथे तो निवतो आणि मग साच्यांत भरून त्याचे रवे पाडतात. गुळाचा सौदा पेठेत होतो, पण त्याचा भाव ठरतो तो या काहिलीपाशी.

त्यावर चार गुणांच्या दोन कृती होत्या. पहिलीत दोन चौकटी: मळी काढण्याचे साधन, आणि पाकाची पारख करणारा. दुसरीत एक परिणाम आणि एक कारण: काहील उतरवायला क्षणभर उशीर झाल्याचा परिणाम लिहा, रसात रानभेंडीचा रस घालतात, कारण लिहा.

संकेतनं पहिल्या चौकटीत "झारा" लिहिलं. दुसऱ्या चौकटीत "अनुभवी माणूस". परिणाम म्हणून त्यानं लिहिलं, "गूळ काळपट पडतो आणि त्याला पेठेत दर मिळत नाही." कारण लिहिलं, "गुळाला चांगला रंग यावा म्हणून." त्याला चारपैकी दीड मिळाले: झाऱ्याचा एक आणि रंगाच्या उत्तराला अर्धा.

प्राजक्ताच्या चौकटी बरोबर. परिणामात तिनं लिहिलं होतं, "क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर तो घट्ट होत नाही." कारणात "रस तापू लागला की मळी वर येते" इथपासून "झाऱ्याने काढून टाकतात" इथपर्यंत दोन्ही वाक्यं. तिला चारपैकी चार.

दोघांनीही पत्र सोडून सारांश घेतला होता. संकेतनं सुरुवातच "आमच्या गावात पूर्वी खूप गुऱ्हाळे होती" अशी केली आणि जवळजवळ मूळ उताऱ्याइतकं लांब लिहिलं, त्यातलं निम्मं उताऱ्यात नव्हतंच. प्राजक्तानं पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य उचलून एकाखाली एक ठेवलं. दोघांना सहापैकी दोन-दोन.

## अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर पेपर मुलांच्या हातात दिले आणि दोन दिवसांत संकेतचे वडील शाळेत आले. गुऱ्हाळ सुरू झालेलं, तरी वेळ काढून. मुलांनी एसटीत पेपर ताडून पाहिले होते आणि प्राजक्ताचे चार गुण घरापर्यंत पोचले होते.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, पोरगं खोटं लिहिलंय काय? उशीर झाला की गूळ काळा पडतोय, दर मिळत न्हाई. हे आमच्यापेक्षा जास्त कुणाला ठावं? त्यानं डोक्यानं लिवलं तर दीड, आणि जिनं उतारा हाय तसा उतरवला तिला चार. मग पोरांनी शिकायचं काय?"

मी म्हटलं, "दादा, त्यानं लिहिलेलं खोटं नाही. पण प्रश्न गुळाबद्दल नव्हता, उताऱ्याबद्दल होता." हे वाक्य मला बरोबर वाटत होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना ती पळवाट वाटते. बाहेरून बघणाऱ्याला ती तशी वाटणारच.

आकलनाचे गुण उताऱ्यात जे लिहिलं आहे ते मुलाला सापडलं का, याचे असतात. गुऱ्हाळ कधीही न पाहिलेल्या पुण्या-मुंबईच्या मुलाला आणि गुऱ्हाळात वाढलेल्या संकेतला ते सारख्याच कष्टानं मिळायला हवेत. उताऱ्याबाहेरची माहिती ग्राह्य धरली, तर क्रिकेटवरचा उतारा आला की क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचा फायदा आणि गुळावरचा आला की संकेतचा. म्हणून तपासणारा उताऱ्यात बोट ठेवून बघतो. "दर मिळत नाही" हे कुठल्या ओळीत आहे? शेवटच्या ओळीत भाव काहिलीपाशी ठरतो असं आहे, पण उशीर झाला तर दर पडतो असं उतारा कुठंही म्हणत नाही. ती संकेतच्या घरची माहिती.

"अनुभवी माणूस" याचा दोष वेगळा. ती बाहेरची माहिती नाही, उताऱ्यातल्याच शब्दाचा सैल पर्याय आहे. अनुभवी माणूस सुतारही असतो आणि डॉक्टरही. चौकटीला एकच शब्द लागतो, आणि तो उताऱ्यानं दिलेला असतो. आपल्या शब्दांत लिहिताना अर्थ असा रुंदावला की उत्तर निसटतं. वर्गातल्या आणखी काही मुलांनी तिथं "कारागीर", "शेतकरी" असं लिहिलं होतं. शेतकरी तर चूकच.

पण वडिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिथं मला थांबावं लागलं. प्राजक्ताच्या परिणामाच्या उत्तरावर बोट ठेवून ते म्हणाले, "उशिराचा परिणाम इचारलाय. ही उशिराचाबी लिवली, घाईचाबी लिवली. ह्यात तिनं निवडलं काय?"

गूळ करणाऱ्या माणसानं तपासनीसाचं काम अचूक केलं होतं. प्राजक्ताच्या उत्तरात बरोबर उत्तर होतं, पण ते तिला कळलं होतं याचा पुरावा नव्हता. पूर्ण ओळ उतरवली की तिच्यात उत्तर कुठंतरी असतंच.

## समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न गुणांचा. संकेतचे गुण वाढवायचे, तसेच ठेवायचे, की प्राजक्ताचे कमी करायचे?

सहकारी सरांचं मत होतं की "काळपट पडतो" याला पूर्ण गुण द्यावा. करपलेला गूळ काळा पडतोच, मुलानं परिणाम ओळखला आहे. माझं मत होतं शून्य, कारण करपणं हे उताऱ्यानं सांगितलं आहे आणि काळं पडणं आपण जोडतो आहोत. बराच वेळ घासाघीस झाल्यावर आम्ही अर्ध्या गुणावर आलो. "काळा पडतो" हा करपण्याचाच दिसणारा भाग मानायचा, "दर मिळत नाही" याला काही नाही.

पण तो अर्धा गुण फक्त संकेतला दिला असता, तर तो गुण उत्तराला नसता, वडील शाळेत आले म्हणून असता. त्यामुळं दोन्ही तुकड्यांचे पेपर पुन्हा काढले आणि "काळा पडतो", "जळतो" अशी उत्तरं जिथं जिथं होती तिथं तीच मोजपट्टी लावली. संकेतचे दीडाचे दोन झाले. "अनुभवी माणूस" शून्यावरच राहिलं.

प्राजक्तानं जास्तीच्या उतरवलेल्या ओळींबद्दल आम्ही गुण कापले नाहीत. दिलेले गुण दुसऱ्या पालकाच्या तक्रारीवरून काढून घेणं बरं दिसलं नसतं, आणि पेपरावर "नेमके लिहा" अशी सूचनाही नव्हती. मात्र पुढच्या चाचणीपासून विचारलेल्या परिणामाबरोबर न विचारलेला परिणाम उतरवला तर अर्धा गुण जाईल, हे वर्गात सांगून टाकलं. बोर्डाचा तपासनीस असं कापेलच असं नाही. कापणार नाही याचीही खात्री नाही.

दुसरा प्रश्न शिकवण्याचा होता आणि तो जास्त अवघड. संकेतला "आकलनात उतरव" असं एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग तो सारांशातही उतरवणार, आणि प्राजक्ताला "स्वतःच्या शब्दांत लिही" म्हटलं तर ती चौकटीत "अनुभवी माणूस" लिहायला लागणार. दोघांना एकमेकांच्या चुका शिकवण्याचाच तो प्रकार.

सरांनी सुचवलं की प्रश्नप्रकारांची यादीच पाठ करून घ्यावी. चौकट, आकृती, ओघतक्ता, जोड्या, कारण, परिणाम हे उताऱ्याच्या शब्दांत. स्वमत, सारांश हे आपल्या शब्दांत. यादी चुकीची नाही, पण ती काठावर तोकडी पडते. "'हे त्याचे गणित' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा" असा प्रश्न आला तर? तो उताऱ्याबद्दलच आहे, तरी तिथं उताऱ्यातली ओळ उतरवून काही मिळत नाही. प्रश्नातच दिलेली ओळ उत्तरात परत लिहिली की तपासणाऱ्याच्या हातात नवं काहीच पडत नाही. तिथं सांगावं लागतं की गुळव्याकडे मोजमापाचं साधन नाही, पाण्यात गोळी होते की नाही यावरून तो वेळ ठरवतो आणि त्यालाच लेखक गणित म्हणतो. माहिती उताऱ्यातली, मांडणी आपली.

म्हणून आम्ही यादीऐवजी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावायचं ठरवलं: हे उत्तर बरोबर की चूक हे तपासणारा कशावरून ठरवणार? उताऱ्यात बोट ठेवून ठरवणार असेल तर उताऱ्याचाच शब्द. उताऱ्याचा अर्थ मला कळला का हे बघणार असेल तर माहिती त्याची, वाक्य माझं. मला काय वाटतं हे बघणार असेल तर माहितीही माझी चालेल, पण धागा उताऱ्याचा.

## काय केलं

नवा उतारा न घेता गुळाचाच उतारा पुन्हा फळ्यावर घेतला. मुलांना तो पाठ झाला होता, त्यामुळं वाचण्यात वेळ न जाता सगळं लक्ष लिहिण्यावर राहिलं.

आधी आकलन. इथं मुलांना उतरवायलाच सांगितलं, पण कात्री लावून. "रानभेंडीचा रस घालतात, कारण" याला उत्तर एवढंच: "मळी नीट वर यावी म्हणून रसात रानभेंडीचा रस घालतात." मूळ वाक्यात "ती नीट वर यावी" असं आहे. प्राजक्तानं तसंच "ती" ठेवून लिहिलं, तेव्हा तिला विचारलं, "ती म्हणजे कोण?" ती उताऱ्यात मागं गेली आणि "मळी" म्हणाली. उतरवणाऱ्या मुलांचं अर्धं काम या एका दुरुस्तीनं होतं. उताऱ्यातून उचललेल्या वाक्यातली सर्वनामं काढून तिथं नाव घालायचं. नाव घालता आलं म्हणजे वाक्य कळलं. पाठ्यपुस्तकातले कितीतरी पाठ "मी" म्हणून सांगितलेले आहेत, तिथं उत्तर "मी गावाला गेलो" असं उतरवलं तर परीक्षेत गावाला गेला तो विद्यार्थी ठरतो. तिथं "लेखक गावाला गेले" हवं.

संकेतसाठी याच कामाचा उलटा भाग होता. त्याला त्याच्या प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातली ओळ दाखवायला सांगितली. "काळपट" कुठल्या ओळीत? तो शोधत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, उताऱ्यात न्हाई, पण होतंय तसंच." म्हटलं, "होतंय ना, ते ठेव बाजूला. त्याला जागा आहे, पण ती ही नव्हे."

ती जागा आम्ही मुद्दाम तयार केली. अपठित उताऱ्यावर बोर्ड स्वमत विचारत नाही, पण सरावासाठी आम्ही त्याच उताऱ्याला तीन गुणांचा एक प्रश्न जोडला: "'गुळाचा भाव ठरतो तो काहिलीपाशी', या विधानाबाबत तुमचे मत लिहा."

संकेतनं पहिल्या खेपेला जे लिहिलं ते वाचून मी कपाळाला हात लावला. "गुळाचा सौदा पेठेत होतो, पण त्याचा भाव काहिलीपाशी ठरतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. म्हणून हे विधान बरोबर आहे." आकलनात मार खाल्लेला मुलगा आता स्वमतातही उताऱ्याला चिकटून बसला होता. तीनपैकी एक. विधानाशी सहमती आहे आणि उताऱ्यातलं कारण आहे, एवढ्याचा तो एक. मत कुठंच नाही.

त्याला म्हटलं, मघाशी बाजूला ठेवायला लावलेलं आता काढ. दुसऱ्या दिवशी त्यानं हे आणलं:

> मला हे विधान पटते. माझे आजोबा गुळव्या आहेत. पाक होत आला की ते कुणाशी बोलत नाहीत, फक्त बुडबुड्यांकडे बघतात. गेल्या हंगामात एका आधणाला जाळ जास्त लागला आणि गूळ काळपट पडला. पेठेत त्या रव्यांना कमी दर मिळाला. व्यापाऱ्याने दर पाडला असे आम्हाला वाटले, पण आजोबा म्हणाले की तो आपणच पाडला होता.

तीनपैकी तीन. "काळपट" आणि "कमी दर" हे तेच, जे परीक्षेत चूक ठरलं होतं. इथं ते उदाहरण म्हणून आलं, विधानाला टेकून आलं आणि पूर्ण गुण घेऊन गेलं. वर्गात हे दोन्ही कागद शेजारी शेजारी वाचून दाखवले, तेव्हा एरवी मागच्या बाकावर झोपणारी मुलंही मान वर करून ऐकत होती.

प्राजक्ताला स्वमत सुचेना. घरी गुऱ्हाळ नाही, गुळव्या नाही, मग लिहायचं काय? तिच्या आईची घरगुती शिलाई आहे हे मला माहीत होतं. विचारलं, कपडा नीट बसणार की नाही हे कधी ठरतं, गिऱ्हाईक घालून बघतं तेव्हा की कापताना? "कापताना," ती लगेच म्हणाली. तेवढं तिनं लिहिलं. स्वमताला विषयातलं ज्ञान लागत नाही, विधानात जे सांगितलं आहे तसंच आपल्या पाहण्यातलं एखादं उदाहरण लागतं.

मग सारांश. इथं दोघंही अडकले होते, वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून जास्त वेळ इथंच गेला. उतारा 115 शब्दांचा, म्हणजे सारांश साधारण 38 ते 40 शब्दांचा. आधी उतारा झाकायला लावला. समोर दिसत असला की वाक्यं आपोआप हातात येतात. झाकून प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, उतारा कशाबद्दल आहे. बहुतेकांनी "गूळ कसा करतात" असं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "गुळव्या किती महत्त्वाचा आहे ते." चर्चा तिथून रंगली, कारण उताऱ्याची शेवटची ओळ तिच्या बाजूनं होती. गूळ करण्याच्या पायऱ्या हा उताऱ्याचा मोठा भाग, पण सगळा कल गुळव्याच्या कसबाकडे. चिपाड, झारा, थंड पाणी, वाफा, साचे हे तपशील त्यासाठी आलेले. सारांशात ते गाळायचे.

मात्र गुळव्या, काहील, मळी, पाक हे शब्द तसेच ठेवायचे. "तुमच्या शब्दांत" म्हणजे या शब्दांनाही पर्याय शोधायचे असं संकेतला वाटत होतं आणि तो मळीला "घाण" करून बसला होता. विषयाचं नाव असलेला शब्द आपलाच असतो. वाक्य तेवढं आपलं बांधायचं. आपल्या गावची गोष्ट, मत, उदाहरण मात्र इथं नाही. ते स्वमतात.

वर्गानं मिळून शेवटी हा सारांश उभा केला:

> गूळ करताना उसाचा रस काहिलीत तापवून त्यातली मळी काढतात. ती स्वच्छ निघाली तर गुळाला रंग चढतो. पाक तयार झाला की नाही, हे गुळव्या यंत्राशिवाय, गोळी करून ओळखतो. काहील वेळेवर उतरवण्याच्या या कसबावरच गुळाचा दर्जा आणि भाव अवलंबून असतो.

38 शब्द. "दर्जा" हा शब्द उताऱ्यात नाही. त्यावरून एका मुलानं हरकत घेतली, की मग "काळपट" का चालला नाही? हरकत रास्त होती. पिवळाधमक होणं, करपणं, घट्ट न होणं या तीन गोष्टी उताऱ्यात आहेत आणि "दर्जा" हा त्या तिन्हींना मिळून दिलेला एक शब्द आहे. तो नवी माहिती आणत नाही, असलेली आवळतो. सारांशात असा शब्द सुचला की तपासणाऱ्याला मुलाला उतारा कळल्याचं लगेच दिसतं.

## निकाल

जानेवारीतल्या सराव परीक्षेत अपठित उतारा वेगळ्या विषयावर होता. संकेतला आकलनात चारपैकी साडेतीन आणि सारांशात सहापैकी चार मिळाले. स्वमतात मात्र एका ठिकाणी तो पुन्हा उताऱ्याच्या ओळी जोडून मोकळा झाला, दीड गुण. विचारलं तर म्हणाला, पाठातला विषय त्याच्या पाहण्यातला नव्हता. म्हणजे गुळाच्या उताऱ्यानं त्याला जे उघडून दाखवलं, ते परक्या विषयावर अजून त्याच्या हाताखाली आलं नव्हतं.

प्राजक्ताचा आकलनातला अर्धा गुण जास्तीचं उतरवल्यामुळं गेला. वाईट वाटलं तिला, आणि तिनं विचारलंही, की बोर्डात कापतील का. सारांश दोनावरून साडेतीनावर आला. उतारा झाकूनच लिहायचा, हे तिनं परीक्षेतही केलं, पालथ्या हातानं झाकून. स्वमत एका ठिकाणी दोन, दुसऱ्या ठिकाणी एक.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर विषयाचे एकूण गुण येतात, कुठल्या कृतीला किती हे कळत नाही. छायाप्रत मागवली तरच उत्तरपत्रिका दिसते, आणि दोघांपैकी कुणालाही तशी गरज वाटली नाही. त्यामुळं शेवटच्या परीक्षेत या कामाचा नेमका किती उपयोग झाला, हे सांगता येणार नाही.

वडील फेब्रुवारीत पुन्हा आले, या वेळी गुळाचा रवा घेऊन. तो स्टाफरूममध्ये वाटला. त्यांना दोन्ही कागद दाखवले, शून्याचा आणि तीनाचा. वाचून म्हणाले, "म्हंजे जागा चुकली व्हती, माल न्हवं."

## पुन्हा असं झालं तर

प्रश्नाच्या शब्दांकडे आधी बघावं लागेल. "परिणाम लिहा" एवढंच लिहिलं की ज्याला परिणाम प्रत्यक्ष माहीत आहे तो स्वतःचा लिहिणारच. आता आमच्या पेपरांत प्रत्येक उताऱ्याखाली "उताऱ्याच्या आधारे" हे शब्द आकलनाच्या दोन्ही कृतींवर वेगळे छापतो, फक्त वर एकदा नाही. स्वमताच्या प्रश्नात "उदाहरण द्या" असं शक्यतो घालतो, म्हणजे ओळी जोडून काम भागत नाही हे मुलाला प्रश्नातूनच कळतं.

उतारा निवडतानाही विचार व्हायला हवा. गुऱ्हाळाच्या गावांतून मुलं येणाऱ्या शाळेत गुळावरचा उतारा आकलनासाठी ठेवला, तर ज्यांना विषय सर्वांत जास्त येतो तेच चुकण्याची शक्यता असते. स्वमतासाठी तोच उतारा उत्तम. सरांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, बोर्ड काही गाव बघून उतारा देणार नाही, मग मुलांना ओळखीच्या विषयावरही उताऱ्यात बोट ठेवायची सवय हवीच. ते चूक म्हणता येत नाही, म्हणून यंदा सत्राच्या पेपरात परका उतारा आणि घटक चाचणीत ओळखीचा, असं ठरवलं आहे.

आणि दोन तपासणाऱ्यांची मतं "काळपट"वर जशी फिरली तशी फिरणार असतील, तर पेपर तपासायच्या आधीच ग्राह्य आणि अग्राह्य उत्तरांची यादी करून ठेवायला हवी. आम्ही ती पालक आल्यावर केली. यंदा पहिले दहा पेपर दोघांनी मिळून चाळायचे, मुलांनी काय काय लिहिलं आहे ते बघून यादी पक्की करायची, आणि मगच लाल पेन उघडायचं.